उशिरा आलेल्या मेलचे तास कुठे गेले?

पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यातून मंगळवारी सकाळी अकरा वाजता एका कंपनीला कोटेशनचा मेल जातो. मुदत दुपारी दोनची असते आणि मेल पोचतो पावणेतीनला. कारखानदार म्हणतो, ‘आम्ही अकरालाच पाठवला.’ कंपनी म्हणते, ‘आमच्याकडे पावणेतीनला आला.’ प्रसंग कल्पित आहे, पण असे वाद नेहमी होतात. ते पौणे चार तास कुठे गेले, याची नोंद मेलमध्येच असते. ती फक्त उघडून वाचावी लागते.

मेल पाठवणाऱ्याकडून थेट घेणाऱ्याकडे जात नाही. वाटेत दोन-चार सर्व्हर लागतात. मेल ताब्यात घेणारा प्रत्येक सर्व्हर त्याच्या माथ्यावर एक ओळ जोडतो: कोणाकडून घेतला, कोणी घेतला, कोणत्या क्रमांकाने आणि किती वाजता. ओळीची सुरुवात `Received` या शब्दाने होते. टपालाच्या पाकिटावर वाटेतली कार्यालयं शिक्के मारत, तसंच हे. फरक इतकाच, की इथे नवी ओळ नेहमी जुनीच्या वर बसते. म्हणून वाचायचं खालून वर.

या ओळी पाहण्यासाठी संगणकावर जीमेल उघडावं आणि मेलच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून `Show original` निवडावं. हे घेणाऱ्याने करायचं असतं. पाठवणाऱ्याच्या ‘सेंट’मधल्या प्रतीवर पुढच्या प्रवासाची नोंद नसते. घेणाऱ्याने तो मेल नेहमीसारखा फॉरवर्ड केला तरी उपयोग नाही, कारण तो नव्या प्रवासाला निघालेला नवा मेल होतो. मूळ मजकूरच कॉपी करून घ्यावा.

आपल्या कोटेशनच्या मेलवर, बाकी तपशील गाळून, असं दिसतं:

```
Received: from relay.example.net
  by mx.example.com with ESMTPS id 7Kd2;
  Tue, 11 Mar 2025 02:17:48 -0700
Received: from mail.example.org
  by relay.example.net with ESMTPS id 4ZBq9;
  Tue, 11 Mar 2025 05:33:10 +0000
Received: from [192.168.1.14]
  by mail.example.org with ESMTPSA id 9F31C;
  Tue, 11 Mar 2025 11:03:05 +0530
Date: Tue, 11 Mar 2025 11:02:51 +0530
```

नुसत्या वेळा पाहिल्या तर गोंधळ उडतो. खालून वर वाचताना अकरा, मग साडेपाच, मग सव्वादोन! मेल उलटा चालला की काय? उत्तर वेळेच्या शेवटी लिहिलेल्या आकड्यात आहे. `+0530` म्हणजे भारतीय वेळ, `+0000` म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आणि `-0700` म्हणजे त्या प्रमाणवेळेच्या सात तास मागे, उन्हाळ्यातल्या कॅलिफोर्नियाची वेळ. सर्व्हर आपापल्या घड्याळाप्रमाणे लिहितात, म्हणून आधी सगळ्या वेळा एकाच मापात आणाव्या लागतात.

प्रमाणवेळेत साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ मिळते. मधल्या सर्व्हरची ०५:३३:१० ही वेळ आपल्याकडची ११:०३:१० झाली. वरच्या ०२:१७:४८ मध्ये आधी सात तास, मग साडेपाच तास मिळवले की दुपारचे १४:४७:४८ होतात. आता चित्र सरळ दिसतं. मेल ११:०२:५१ ला लिहून निघाला, चौदा सेकंदांत कारखान्याच्या सर्व्हरवर आला आणि आणखी पाच सेकंदांत मधल्या सर्व्हरवर. तिथून कंपनीच्या सर्व्हरवर जायला त्याला ३ तास ४४ मिनिटं ३८ सेकंद लागले. सगळा उशीर या एकाच टप्प्यात आहे.

घाई होते ती इथे. ओळीवरची वेळ मेल स्वीकारल्याची असते. त्यामुळे त्या पौणे चार तासांत मेल मधल्या सर्व्हरच्या रांगेत पडून होता, एवढं नक्की. पण तो तिथे पडून होता म्हणजे दोष त्या सर्व्हरचा, असं ठरत नाही. कदाचित तो पुन्हापुन्हा कंपनीचं दार ठोठावत असेल आणि आतून ‘आत्ता नको, नंतर या’ असं उत्तर येत असेल. फुकट गेलेल्या अशा खेपांची एकही ओळ मेलवर उमटत नाही. स्वीकार झाला तरच नोंद होते.

‘नंतर या’ हे उत्तर ४ ने सुरू होणाऱ्या तीन आकडी क्रमांकाने दिलं जातं, उदाहरणार्थ ४५१. घेणारा सर्व्हर बंद असेल किंवा त्याच्यावर भार असेल, तरी मेल असाच थांबतो. कधी हे उत्तर मुद्दाम दिलं जातं. अनोळखी सर्व्हरला पहिल्या खेपेला परत पाठवायचं; खरा मेल सर्व्हर पुन्हा येतो, कचरा फेकणारे बरेच जण येत नाहीत. या युक्तीला ग्रेलिस्टिंग म्हणतात.

परत आलेला मेल किती वेळाने पुन्हा निघणार, हे पाठवणारा सर्व्हर ठरवतो. पोस्टफिक्स या प्रचलित मेल सर्व्हरची मूळ मांडणी घ्या. पहिली फेरी साधारण पाच मिनिटांनी होते. नंतरची प्रतीक्षा दुप्पट-दुप्पट होत जाते आणि ४,००० सेकंदांवर, म्हणजे सुमारे ६७ मिनिटांवर, थांबते. म्हणजे फेऱ्या साधारण ५, १०, २०, ४०, ८०, १४७ आणि २१३ मिनिटांनी होतात. रांग तपासण्याच्या वेळांमुळे त्या थोड्या पुढे सरकतात. आपला मेल २२४ मिनिटांनी पोचला. मधला सर्व्हर पोस्टफिक्स असेल, तर कंपनीकडची अडचण दीड वाजून गेल्यावर लगेच सुटलेली असणंही शक्य आहे. तिची मागची फेरी नुकतीच फुकट गेली होती, म्हणून मेल दार उघडं असतानाही तासभर रांगेत बसला. अडचण लहान आणि उशीर मोठा, असं यामुळे घडतं.

अंतर दुसरीकडेही पडू शकतं. `Date` आणि सर्वांत खालची `Received` ओळ यांत तास गेले असतील, तर बहुधा मेल पाठवणाऱ्याच्याच आउटबॉक्समध्ये अडकला होता किंवा त्याच्या संगणकाचं घड्याळ चुकीचं होतं. एकाच संस्थेच्या दोन सर्व्हरमध्ये अंतर असेल, तर तिथल्या विषाणू तपासणीकडे किंवा मजकूर रोखून धरणाऱ्या गाळणीकडे पाहावं. सर्वांत वरची ओळ वेळेवर असून फोनवर मेल उशिरा दिसला, तर तो फोनने उशिरा उतरवून घेतला. ते हेडरमध्ये दिसत नाही. वरच्या ओळीची वेळ खालच्यापेक्षा काही सेकंद आधीची निघाली, तर एखादं घड्याळ पुढेमागे आहे; तेवढ्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. तासांचा वाद असेल तर मात्र आधी घड्याळं तपासावीत. आणखी एक सावधगिरी म्हणजे, स्वतःच्या सर्व्हरने लिहिलेली ओळ भरवशाची. त्याखालच्या ओळी पाठवणारा बनावटही जोडू शकतो.

थांबण्याचं कारण शेवटी सर्व्हरच्या लॉगमध्येच सापडतं आणि तिथे पोचायची किल्ली `id` नंतरचा क्रमांक आहे. आपल्या उदाहरणात कारखानदाराने मधल्या सर्व्हरच्या व्यवस्थापकाला ‘आमचा मेल का उशिरा गेला?’ असं विचारू नये. ‘११ मार्चला प्रमाणवेळ ०५:३३ ला तुम्ही 4ZBq9 या क्रमांकाने मेल घेतला, तो पुढे ०९:१७ ला स्वीकारला गेला, मधल्या काळात समोरून काय उत्तर आलं?’ असं विचारावं. लॉगमध्ये प्रत्येक फसलेल्या खेपेसमोर `status=deferred` आणि समोरच्या सर्व्हरचे शब्द लिहिलेले असतात. ते कंपनीच्या सर्व्हरने दिलेलं ४५१ असेल, तर कोटेशन उशिरा घेतल्याचं कारण कंपनीच्याच दारात आहे. खेपच झाली नसेल, तर मधल्या सर्व्हरने उत्तर द्यायचं.