पंधरा मिनिटांची मागणी

चाकणच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटी विभागातला इंजिनिअर सोमवारी राजीनामा देतो. नोटीस पिरियड साठ दिवसांचा. त्या क्षणी जागा रिकामी होणार हे नक्की झालेलं असतं, पण ते ठाऊक असतं एकाच माणसाला, म्हणजे त्याच्या साहेबाला. मग साहेब 'रिप्लेसमेंट'साठी मंजुरी मागणार, प्लांट हेड सही करणार, फायनान्सवाले 'या माणसावाचून भागणार नाही का?' असं विचारणार, एचआर कामाचं वर्णन मागवणार आणि ते लिहायला साहेबांना आठवडाभर सवड मिळणार नाही. जाहिरात पोर्टलवर झळकेपर्यंत तीन-चार आठवडे सहज जातात. एवढ्या काळात ती जागा कागदावर कुठेच नसते. असते ती विभागप्रमुखाच्या डोक्यात, आणि डोकेदुखीच्या स्वरूपात.

न निघालेल्या जाहिरातीसाठी थेट विभागप्रमुखाला पाठवलेला मेल, ज्याला नोकरीच्या बाजारात 'कोल्ड मेल' म्हणतात, तो नेमका या फटीत शिरतो. यात वशिला नाही की चमत्कारही नाही. एचआरकडे आलेला अर्ज मंजूर जागेशी ताडून पाहिला जातो आणि मंजूर जागा नसेल तर तो फाइलीत जातो. विभागप्रमुख मात्र अर्ज आपल्या अडचणीशी ताडून पाहतो. म्हणून पत्ता एचआरचा नको, ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याचा हवा.

या प्रकाराचं एक जुनं आणि चोख उदाहरण लंडनमधलं आहे. 1812 साली मायकेल फॅरेडे नावाचा एकवीस वर्षांचा बुकबाइंडर विज्ञानात शिरण्यासाठी धडपडत होता. त्याने आधी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. मग डिसेंबरात त्याने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांना लिहिलं आणि सोबत एक बाड जोडलं. डेव्हींची चार व्याख्यानं त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ऐकली होती. त्यांची टिपणं सुवाच्य अक्षरात उतरवून, आकृत्या काढून, त्याने स्वतःच्या हाताने बांधली होती. डेव्हींनी 24 डिसेंबरला उत्तर दिलं: सध्या बाहेरगावी जातो आहे, जानेवारीअखेर परत आलो की भेटू.

पुढचा भाग अनेकदा सांगायचा राहून जातो. भेट झाली तेव्हा जागा नव्हतीच. डेव्हींनी फॅरेडेला बुकबाइंडिंगचा धंदा न सोडण्याचा सल्ला देऊन परत पाठवलं. फेब्रुवारीत प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने उपकरणं बनवणाऱ्या कारागिराशी मारामारी केली, त्याला काढून टाकण्यात आलं आणि डेव्हींना ते बाड आठवलं. 1 मार्च 1813 रोजी फॅरेडेची नेमणूक झाली. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, वर राहायला दोन खोल्या. मारामारी कधी होईल हे फॅरेडेला कळणं शक्य नव्हतं, पण ती झाली तेव्हा त्याचं काम साहेबांनी आधीच डोळ्यांखालून घातलेलं होतं.

आता चाकणला परत येऊ आणि एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, वाळूजमधल्या एका छोट्या डाय-कास्टिंग कारखान्यात चार वर्षं काम केलेली क्वालिटी इंजिनिअर आहे. तिला चाकणच्या मोठ्या कंपनीत जायचं आहे. त्या कंपनीने ॲल्युमिनियमच्या मोटर हाउसिंगची नवी लाइन टाकल्याची बातमी तिने वाचली आहे. जाहिरात कुठेच नाही.

तिचा पहिला मसुदा बहुतेकांचा असतो तसाच होतो. 'आदरणीय महोदय/महोदया', मग 'आपल्या नामांकित संस्थेत', मग पदवीची टक्केवारी, मग मेहनती आणि प्रामाणिक असल्याची ग्वाही, आणि शेवटी 'माझ्या योग्यतेनुसार कोणतीही जागा असल्यास कृपया विचार व्हावा'. सोबत `Resume_final_new(2).pdf`. हा मेल ती वीस जणांना एकदम पाठवणार असते, आणि वीसही पत्ते वरच्या ओळीत प्रत्येकाला दिसणार असतात.

यातली खरी गोची 'कोणतीही जागा' या दोन शब्दांत आहे. ऐकायला नम्र वाटतात, पण सगळं काम वाचणाऱ्याच्या गळ्यात टाकतात. ही बाई काय करू शकते, आपल्याकडे कुठे बसेल, मंजुरी आहे का, हे सगळं त्याने शोधायचं. शिवाय मागणी नोकरीची आहे आणि नोकरी देणं त्याच्या एकट्याच्या हातात नाही. त्यामुळे फार तर 'सध्या जागा नाही' एवढंच तो खरेपणाने लिहू शकतो. बहुतेक वेळा तेही लिहीत नाही. मेल एचआरकडे ढकलतो आणि पुढच्या कामाला लागतो.

मागणी समोरच्याच्या अखत्यारीत मावेल एवढीच असावी, हे सगळ्या प्रकरणाचं इंगित आहे. विभागप्रमुख मंजुरीशिवाय नोकरी देऊ शकत नाही, पण पंधरा मिनिटं फोनवर बोलायला त्याला कुणाची सही लागत नाही. म्हणून मागायची ती पंधरा मिनिटं, तीही दोन पर्यायी वेळा देऊन, म्हणजे त्याला मोबाइलवर 'शुक्रवार चालेल' एवढंच टाइप करावं लागेल. आणि मागायचं ते एकच. 'फोनवर बोलता येईल का, नाहीतर रेझ्युमे एचआरला द्याल का, की दुसरं कुणी सुचवाल?' असं तीन तोंडांनी विचारलं की माणूस त्यातलं सर्वांत सोपं निवडतो आणि सर्वांत सोपं म्हणजे काहीच न करणं.

तिचा दुसरा मसुदा, साध्या इंग्रजीत लिहिलेला, मराठीत साधारण असा होईल:

> विषय: डाय-कास्टिंग क्वालिटी, 4 वर्षं – 15 मिनिटं बोलता येईल का?
>
> नमस्कार सर,
>
> आपल्याकडे मोटर हाउसिंगची नवी लाइन सुरू होते आहे असं वाचलं. मी वाळूजमध्ये ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या क्वालिटी विभागात चार वर्षं काम करते. गेल्या वर्षी एका हाउसिंगमध्ये पोरॉसिटीमुळे सहा टक्के माल रिजेक्ट होत होता. बहुतेक दोष डायच्या दोनच कॅव्हिटींमध्ये येतात आणि तिथले एअर व्हेंट तुंबतात, हे मी नोंदींवरून शोधलं. सफाई आठवड्याऐवजी दर शिफ्टला सुरू केल्यावर प्रमाण अडीच टक्क्यांवर आलं.
>
> जागेची जाहिरात नाही याची कल्पना आहे. नव्या लाइनसाठी क्वालिटीत माणसं लागणार असतील तर माझा उपयोग होईल का, हे समजून घ्यायला गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?
>
> एका पानाचा रेझ्युमे जोडला आहे. नोटीस पिरियड दोन महिने.

खाली नाव आणि मोबाइल नंबर. बस्स.

या मजकुरातलं सर्वांत वजनदार वाक्य व्हेंटचं आहे. डाय-कास्टिंगमध्ये वितळलेला धातू प्रचंड वेगाने साच्यात घुसतो, आतली हवा व्हेंटमधून बाहेर पडली नाही तर ती धातूतच अडकते आणि मशिनिंग करताना भोकं उघडी पडतात. या क्षेत्रातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. नव्या लाइनच्या पहिल्या महिन्यांत त्याच्यासमोर हेच वाढून ठेवलेलं असतं. सहाचे अडीच टक्के झाले एवढंच लिहिलं असतं तर तो आकडा राहिला असता, कुणाच्याही रेझ्युमेत असतो तसा. कसे झाले हे सांगितल्यामुळे तो अनुभव झाला. फॅरेडेच्या बाडाचं काम इथे हे एक वाक्य करतं.

मात्र याच वाक्यात एक खड्डाही आहे. भाग कोणत्या ग्राहकाचा, ड्रॉइंग नंबर काय, हे तिने लिहिलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. सध्याच्या कंपनीची गुपितं नमुना म्हणून जोडणारा उमेदवार उद्या आपलीही जोडेल, हे विभागप्रमुखाच्या लगेच लक्षात येतं. मेलही स्वतःच्या खाजगी पत्त्यावरून जायला हवा, ऑफिसच्या नव्हे. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

जोडलेल्या रेझ्युमेबद्दल थोडकंच. पीडीएफ, कारण वर्डची फाइल मोबाइलवर उघडली की रकाने विस्कटतात. झिप किंवा पासवर्ड लावलेली फाइल नको, कारण अनेक कंपन्यांचं मेल सर्व्हर ती संशयाने अडवून ठेवतं. फाइलला स्वतःचं नाव आणि कामाचं नाव द्यावं, म्हणजे ती पुढे पाठवली गेली तरी कुणाची ते कळेल. आणि मेलमधली व्हेंटची गोष्ट रेझ्युमेतही वरच्या अर्ध्या पानात दिसायला हवी. मेलमध्ये एक आणि रेझ्युमेत भलतंच असेल तर वाचणारा मेलवरचाही विश्वास काढून घेतो.

पाठवल्यावर काय झालं हे कळायच्या काही खुणा आहेत. काही मिनिटांत `Address not found` आणि `550 5.1.1` असा निरोप परत आला तर पत्ताच चुकला. नाव आणि आडनाव जोडून अंदाजाने पत्ता बनवणाऱ्यांना हा निरोप चांगलाच ओळखीचा असतो. 'एचआरला पाठवा' हे उत्तर आलं तर ते नकार समजून सोडून देऊ नये. एचआरला लिहिताना पहिल्या ओळीत 'अमुक सरांनी आपल्याला पाठवायला सांगितलं' असं लिहिता येतं आणि त्या ओळीने अर्जाचं वजन बदलतं. काहीच आलं नाही तर आठवड्याने त्याच मेलला जोडून दोन ओळींची एक आठवण पुरे. तिसऱ्यांदा लिहिणं म्हणजे तगादा.

हा मार्ग सगळीकडे चालत नाही. सरकारी नोकरीत तर मुळीच नाही. सार्वजनिक नोकरीत समान संधी द्यावी लागते आणि नियमित जागा जाहिरात देऊन, स्पर्धेतून भरावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या उमादेवी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तिथे अधिकाऱ्याला बायोडेटा पाठवून हाती काही लागत नाही. अगदी मोठ्या खाजगी कंपन्यांतही विभागप्रमुख खूश झाला तरी उमेदवाराला पोर्टलवर अर्ज भरावाच लागतो. फरक इतकाच की त्या ढिगात नेमकं कुणाचं नाव शोधायचं, हे आता त्याला ठाऊक असतं.

समजा, वाळूजच्या त्या इंजिनिअरला पाचव्या दिवशी उत्तर आलं. 'नमस्कार'ही नाही, दोनच ओळी: 'शुक्रवारी साडेपाचला फोन करा. व्हेंट साफ करायला दर शिफ्टला मशीन किती वेळ बंद ठेवत होता?' उत्पादनाचा हिशेब ठेवणारा माणूस पहिल्यांदा हेच विचारणार. आता तिला शुक्रवारपर्यंत जुन्या शिफ्ट नोंदी आठवून तो आकडा नीट बांधायचा आहे.