वाव आणि कुंड : पाणी गोळा करणे, साठवणे आणि थंड ठेवणे

जमिनीत खोल उतरत गेलेल्या पायऱ्या आणि तळाशी पाणी, अशी रचना भारतात अनेक नावांनी ओळखली जाते. गुजरातेत तिला वाव म्हणतात, राजस्थान-दिल्लीकडे बावडी किंवा बावली, तर महाराष्ट्रात बारव. देवळापुढच्या पायऱ्यांच्या तलावाला कुंड, पुष्करणी किंवा कल्याणी म्हणतात. दोन्हींना पायऱ्या असल्यामुळे त्या एकाच प्रकारच्या रचना वाटतात. जलशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या वेगळ्या आहेत. या पाठात आपण हा फरक उत्तर गुजरातमधील दोन उदाहरणांवरून समजून घेऊ. पहिले आहे पाटणची राणीची वाव आणि दुसरे मोढेरा येथील सूर्यमंदिरापुढचे कुंड. दोन्ही अकराव्या शतकातील आहेत. मोढेऱ्याचे मंदिर सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या काळातले, तर पाटणची वाव त्याची राणी उदयमती हिने त्याच्या स्मरणार्थ बांधवलेली आहे.

१. पाणी येते कोठून?

कुंड हे प्रामुख्याने भूपृष्ठावरचे पाणी धरते. पावसाचे पाणी उतारावरून चरांमधून वाहत येते आणि कुंडात साठते. कुंडात जेवढे आले तेवढेच त्याचे पाणी. बाहेरून भर पडली नाही तर दररोज पातळी उतरत जाते.

वावेचे पाणी जमिनीखालून येते. पावसाळ्यात जमिनीत मुरलेले पाणी वाळू, मुरूम किंवा भेगा पडलेल्या खडकाच्या थरात साठून राहते. अशा थराला जलधर म्हणतात. वावेची विहीर या थरात उतरवलेली असते. विहिरीतून पाणी उपसले की आतली पातळी आजूबाजूच्या भूजलापेक्षा खाली जाते आणि या फरकामुळे भोवतालचे पाणी भिंतीच्या सांध्यांतून व तळातून आत येऊ लागते.

पाटणच्या वावेच्या मापांवरून हे पाहू. ही वाव सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल आहे. पश्चिम टोकाला १० मीटर व्यासाची, सुमारे ३० मीटर खोल गोल विहीर आहे. तिच्या अलीकडे, चौथ्या टप्प्याशी, २३ मीटर खोलीवर ९.५ बाय ९.४ मीटरचे एक चौकोनी कुंड आहे. विहिरीच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस मीटर भरते. म्हणजे एक मीटर उंचीच्या पाण्यात सुमारे ७८,५०० लिटर पाणी असते. समजा गावाने दिवसभरात २०,००० लिटर पाणी नेले. पातळी सुमारे २५ सेंटिमीटर उतरेल आणि जलधर चांगला असेल तर रात्रीतून ती भरून निघेल. खरा साठा विहिरीत नसून भोवतालच्या जमिनीत आहे. त्यामुळे वावेकडे पाण्याची टाकी म्हणून न पाहता भूजलाकडे उघडणारी खिडकी म्हणून पाहावे.

२. पायऱ्या कशासाठी?

भूजलाची पातळी वर्षभर एकसारखी राहत नाही. पावसाळ्यानंतर ती वर येते आणि वैशाखापर्यंत काही मीटर खाली जाते. साध्या विहिरीत हा फरक दोराची लांबी वाढवून भरून काढावा लागतो. वावेत माणूस स्वतः पाण्यापर्यंत उतरतो. पाणी वर असेल तर खालचे टप्पे बुडालेले असतात आणि वरच्या पायरीवर घागर भरते. पाणी उतरले की माणसे आणखी एक टप्पा खाली जातात. त्याच वेळी विहिरीच्या काठावरून मोटेने पाणी खेचण्याची सोयही असते.

कुंडाच्या पायऱ्यांचे आणखी एक काम आहे. पायऱ्या आत आत उतरत गेल्यामुळे पाणी जसे कमी होते तसा त्याचा उघडा पृष्ठभागही आक्रसतो. मोढेऱ्याचे कुंड वरच्या कडेशी सुमारे ५४ बाय ३७ मीटर आहे, म्हणजे अंदाजे २,००० चौरस मीटर. हिशेबासाठी असे धरू की प्रत्येक मीटर खोलीमागे पायऱ्या चारही बाजूंनी एक मीटर आत येतात. चार मीटर खाली पृष्ठभाग ४६ बाय २९ मीटर, म्हणजे सुमारे १,३३० चौरस मीटर उरतो. उन्हाळ्यात पाणी सर्वात कमी असते आणि ऊन सर्वात कडक. नेमक्या त्या वेळी सूर्याला मिळणारा पृष्ठभाग एकतृतीयांशाने घटलेला असतो.

३. पाणी किती उडून जाते?

बाष्पीभवन पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर प्रामुख्याने उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असते. पावसाळ्यानंतरचे आठ महिने, म्हणजे २४० दिवस घेऊ आणि रोज सरासरी ५ मिलिमीटर पाणी उडते असे मानू. एकूण १.२ मीटर जाडीचा थर नाहीसा होईल.

कुंड काठोकाठ भरलेले मानले तर नुकसान २,००० × १.२ = २,४०० घनमीटर, म्हणजे २४ लाख लिटर. वावेत विहीर आणि चौकोनी कुंड मिळून पृष्ठभाग सुमारे १६८ चौरस मीटर आहे. त्याच दराने नुकसान सुमारे २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर येते. हा आकडाही जास्तच आहे, कारण वावेतले पाणी सावलीत असते आणि वाऱ्यापासून बचावलेले असते. शिवाय जलधरात उरलेल्या पाण्याला ऊन लागतच नाही.

मग कुंड ही निकृष्ट रचना म्हणायची का? नाही. कुंडातले पाणी दोन वाटांनी जाते. एक वाट हवेत, दुसरी जमिनीत. जमिनीत झिरपलेले पाणी कुंडाच्या दृष्टीने तोटा असले, तरी आसपासच्या विहिरींच्या दृष्टीने ती जमा आहे. कुंड पावसाचे पाणी थांबवून जमिनीला मुरण्यासाठी वेळ देते. विहीर आणि वाव तेच पाणी पुढे वर काढतात.

४. पाणी थंड का राहते?

जमिनीवर ऊन पडते तेव्हा उष्णता खाली जाते, पण वाटेत तिचे चढउतार मंदावतात. ही घट पुढील सूत्राने मिळते :

A(z) = A₀ e^(−z/d),  d = √(2α/ω)

येथे A₀ म्हणजे पृष्ठभागावरील तापमानाचा चढउतार (सरासरीपासूनचे अंतर), z म्हणजे खोली, α म्हणजे मातीची औष्णिक विसरणशीलता आणि ω म्हणजे चढउताराची कोनीय वारंवारता. मातीसाठी α = ०.५ × १०⁻⁶ चौरस मीटर प्रति सेकंद घेतल्यास, दिवस-रात्रीच्या चढउतारासाठी d सुमारे १२ सेंटिमीटर आणि वर्षाच्या चढउतारासाठी सुमारे २.२ मीटर येतो.

म्हणजे दुपारचे ऊन अर्ध्या मीटरखाली जवळजवळ जाणवत नाही. उन्हाळा-हिवाळ्याच्या फरकाला मात्र जास्त खोली लागते. वार्षिक चढउतार सरासरीच्या वर-खाली ७ अंश धरला, तर ७ मीटर खोलीवर तो फक्त ०.३ अंश उरतो. शिवाय उष्णतेची लाट तेथे पोहोचायला सुमारे सहा महिने लागतात, त्यामुळे उरलासुरला फरकही उलटा होतो : वर उन्हाळा असतो तेव्हा त्या खोलीवर किंचित गारवा असतो. तेथली जमीन वर्षभर साधारणपणे त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरी तापमानाला राहते. अहमदाबादजवळच्या भागात ते २७ अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना वावेच्या तळाच्या भिंती आणि पाणी याच गारव्याच्या जवळ असते. पाणी थोडे उडत असल्यामुळे त्यात आणखी घट होते.

आता एक शंका येईल. वाव वरून उघडी आहे, तर गरम हवा आत का शिरत नाही? कारण गरम हवा हलकी असते. उन्हाळ्यात बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गरम असल्याने ती वरच तरंगते आणि खालची थंड, जड हवा जागची हलत नाही. हिवाळ्याच्या रात्री उलट घडते : बाहेरची थंड हवा जड होऊन पायऱ्यांवरून खाली घरंगळते आणि भिंतींना गार करते. थंडी आत येते, उष्णता येत नाही, अशी ही एकतर्फी झडप आहे. अहमदाबादजवळच्या अडालजला (इ.स. १४९९ च्या सुमारास) पाच मजली खांबांची दालने आहेत. त्यांची सावली पाण्यावर पडणारे थेट ऊन अडवते आणि ही स्थिर हवा ढवळू देत नाही.

५. कुठे बिघडते आणि कसे ओळखावे?

वावेचा तळ ठरलेला असतो. भूजल त्याच्या खाली गेले की वाव कोरडी पडते. उत्तर गुजरातमध्ये खोल नलिकाविहिरींच्या उपशाने भूजल अनेक ठिकाणी फार खाली गेले आहे. अशा ठिकाणी कितीही दुरुस्ती केली तरी पाणी परत येत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : आसपासच्या विहिरींची पातळी मोजा. ती वावेच्या तळापेक्षा खाली असेल तर दोष बांधकामात नाही.

दुसरा बिघाड गाळाचा. आसपास भूजल आहे, पण उपशानंतर पातळी फार सावकाश चढते, असे दिसले तर सांधे आणि तळ बारीक गाळाने बुजले असण्याची शक्यता असते. पाटणची वाव सरस्वती नदीच्या पुराच्या गाळाने भरून जवळजवळ गाडली गेली होती. गाळाने विहीर निकामी केली आणि तिच्यातील मूर्ती मात्र टिकवल्या. विसाव्या शतकातील उत्खननानंतर ती पुन्हा पूर्ण उघडी झाली.

कुंडाचे पाणी उडते की झिरपते, हे ओळखण्यासाठी एक प्रयोग करता येतो. पाऊस नसताना, पाणी आत येत नसताना आणि कोणी उपसत नसताना, कुंडात एक मोजपट्टी उभी करा. शेजारी पाण्याने भरलेले एक उघडे भांडे अर्धे बुडवून ठेवा, म्हणजे दोन्हींचे तापमान जवळपास सारखे राहील. समजा एका दिवसात कुंड १४ मिलिमीटर उतरले आणि भांडे ६ मिलिमीटर. दोन्हींतून हवेत ६ मिलिमीटर गेले. उरलेले ८ मिलिमीटर जमिनीत मुरले. पाणी सतत उभे राहावे असे वाटत असेल तर तळाला चिकणमातीचा थर द्यावा लागेल. आसपासच्या विहिरी भरायच्या असतील तर मात्र हेच ८ मिलिमीटर मोलाचे आहेत.

स्वाध्याय

१. ३ मीटर खोलीवर वार्षिक चढउताराचा कितवा भाग उरतो? (d = २.२ मीटर घ्या.)
२. उभ्या भिंतींचे आणि पायऱ्यांचे कुंड वरच्या कडेशी सारखेच आहे. उन्हाळ्याअखेर बाष्पीभवन कोणत्या कुंडातून कमी होईल? पाणी जास्त कोणत्या कुंडात मावेल?
३. तुमच्या परिसरातील एका जुन्या विहिरीची, बारवेची किंवा तलावाची पाणीपातळी दोन वेगवेगळ्या महिन्यांत मोजा. फरक भूजलामुळे आहे की बाष्पीभवनामुळे, हे ठरवण्यासाठी आणखी कोणती मोजमापे लागतील ते लिहा.