रविवारची गोळी

लेखमाला : थोडक्यात, पण नेमके – भाग ६

गेल्या भागात आपण हाउसिंग सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त पाहिले. तिथे एखादे वाक्य इकडचे तिकडे झाले तर पुढच्या सभेत भांडण होते, एवढेच. या आठवड्याचा विषय आहे डॉक्टरांच्या भेटीचे रेकॉर्डिंग ऐकून घरच्यांसाठी त्याचा सारांश लिहिणे. इथे चुकलेले वाक्य गोळी होऊन कुणाच्या तरी पोटात जाते.

उदाहरण मी रचले आहे, पण त्यातले सगळे रोज घडणारे आहे. सांगलीकडच्या एक काकू, वय ६२. हातांची बोटे सकाळी तास-तास आखडलेली, मनगटे सुजलेली. निदान रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, घरातल्या भाषेत आमवात. सून त्यांना तज्ज्ञ डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन तिने फोनवर बारा मिनिटांचे बोलणे रेकॉर्ड केले. सारांश करायचे काम नागपूरच्या मुलीकडे आले. वाचणारे तिघे: दुबईतला भाऊ, सून आणि काका. भावाला आई कशी आहे ते कळले की पुरे. काका मात्र रोज रात्री डबा उघडून गोळ्या काढून देणार आहेत. म्हणून सारांश काकांसाठी लिहायचा. भावाला त्यातून जे कळेल ते कळेल.

काकूंना दिलेले मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. आमवातात ते जगभर पहिल्या पसंतीचे आहे, स्वस्त आहे आणि नीट घेतले तर वर्षानुवर्षे चालते. फक्त ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. आपल्या घरांत गोळी म्हटले की रोजची, हा समज इतका पक्का असतो की हे औषधही चुकून रोज दिले जाते. तसे झाले तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते, तोंड सोलवटून निघते, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. असे मृत्यू अनेक देशांत झाले आहेत. म्हणूनच २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने या औषधाच्या वेष्टनावर ‘आठवड्यातून एकदाच’ अशी ठळक सूचना आणि रुग्णासाठी आठवणीचे कार्ड यांची शिफारस केली. आपला सारांश म्हणजे काकांच्या हातातले तसेच कार्ड आहे.

मुलीने पहिल्यांदा रेकॉर्डिंग काहीही न लिहिता शेवटपर्यंत ऐकले. हे महत्त्वाचे आहे, कारण डॉक्टर बोलता बोलता निर्णय बदलतात आणि तो त्यांचा दोष नाही. विचार करण्याची ती रीतच आहे. तिसऱ्या मिनिटाला डॉक्टर म्हणतात, “मेथोट्रेक्सेट दहाने सुरू करू.” सातव्या मिनिटाला रिपोर्ट चाळताना म्हणतात, “क्रिएटिनिन थोडं वर आहे, साडेसातच ठेवू.” हे औषध शरीराबाहेर मुख्यतः मूत्रपिंडावाटे जाते, म्हणून मात्रा कमी केली. पहिला उल्लेख सापडताच ज्याने ‘दहा’ लिहून टाकले, त्याने डॉक्टरांचेच शब्द लिहिले आणि तरी औषध चुकवले. दुसऱ्यांदा ऐकताना तिने प्रत्येक औषधाच्या नावापुढे ते कोणत्या मिनिटाला आले ते टिपले. एकाच औषधापुढे दोन वेळा आल्या की नंतरची धरायची आणि ती चिठ्ठीशी ताडून पाहायची.

आता सारांशाबद्दल माझे ठाम मत. बारा मिनिटांतले बहुतेक बोलणे आटवता येते, आणि आटवावेच. आजार कसा होतो, किती महिन्यांनी फरक पडेल, शेजारणीला कोणत्या काढ्याने बरे वाटले, हे सगळे दोन वाक्यांत बसते. औषधाची ओळ मात्र आटवायची नसते. ती उतरवून घ्यायची असते: नाव, ताकद, किती गोळ्या, कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कधीपर्यंत. ‘संधिवाताची गोळी आठवड्याला सुरू’ हे वाक्य सुटसुटीत आहे, पण त्यावर भरवसा ठेवून काकांना डबा भरता येणार नाही.

नाव चिठ्ठीवरून घ्यावे, कानाने ऐकलेले नाही. डॉक्टरांनी जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम २०१६ पासून आहे. पाळला गेला असेल तर आपले काम सोपे होते. मात्रा अंकात लिहावी आणि अक्षरातही. ‘७.५’ मधले टिंब स्क्रीनवर दिसले नाही तर पंच्याहत्तर होतात, आणि हाताने लिहिलेले १ नि ९ घाईत एकसारखे दिसतात. ‘साडेसात’ या शब्दाचे दुसरे काही होत नाही. शिवाय मिलिग्रॅम आणि गोळ्यांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेथोट्रेक्सेटच्या अडीचच्या गोळ्या मिळतात, साडेसातच्या आणि दहाच्याही मिळतात. औषधवाल्याने अडीचचे पाकीट दिले तर तीन गोळ्या घ्याव्या लागतील. म्हणून ‘एक गोळी’ ही नोंद पाकीट हातात आल्यावरच पक्की होते.

चिठ्ठी समोर असताना रेकॉर्डिंग कशाला ऐकायचे, असे कुणीही विचारेल. उत्तर असे, की जे औषध बंद केले ते चिठ्ठीवर नसते. काकू दोन महिने डायक्लोफेनॅक घेत होत्या. आठव्या मिनिटाला डॉक्टर म्हणतात, “ती पेनकिलर आता नको, किडनीला त्रास होईल.” चिठ्ठीवर याचा मागमूस नाही, आणि घरी अर्धे पाकीट शिल्लक आहे. रक्तदाबाच्या गोळीचेही तसेच. ती दुसऱ्या डॉक्टरांची. दारातून निघताना सुनेने विचारले म्हणून “ती चालूच ठेवा” एवढे शब्द मिळाले. नवे काय ते चिठ्ठी सांगते. बंद काय आणि चालू काय, ते बऱ्याचदा फक्त बोलण्यात असते.

बोलण्यात आणखी एक फसवी जागा आहे. काकू विचारतात, “रात्री हळदीचं दूध घेते, चालेल ना?” डॉक्टर कीबोर्डवर टाइप करत “हं” म्हणतात. या ‘हं’ची सूचना करू नये. तसेच “फरक नाही पडला तर पुढे इंजेक्शनचा विचार करू” हे वाक्य सारांशात ‘इंजेक्शन द्यायचे आहे’ असे होऊ नये. दुबईतला भाऊ त्याच रात्री त्याची किंमत शोधत बसेल.

खरी अडचण नवव्या मिनिटाला आहे. डॉक्टरांनी आधी ‘दर सोमवारी’ म्हटले होते. काकू म्हणाल्या, “सोमवारी माझा उपास असतो.” डॉक्टर म्हणाले, “मग रविवारी रात्री जेवणानंतर घ्या.” पण घरी आलेल्या छापील चिठ्ठीवर सोमवारच आहे. मात्रा बदललेली उतरली, वार मात्र जुनाच राहिला. इथे हुशारी करण्याचा मोह होतो: रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येते आहे, तेव्हा रविवार लिहून मोकळे व्हावे. तसे करू नये. सारांशात रविवार आणि चिठ्ठीवर सोमवार असे दोन कागद घरात राहिले, तर एखाद्या आठवड्यात काका रविवारी गोळी देतील, आणि सोमवारी सून चिठ्ठी बघून पुन्हा देईल. मुलीने दवाखान्यात फोन केला, सहायकाने डॉक्टरांना विचारले, रविवार ठरला आणि दुरुस्त चिठ्ठी आली. त्याच फोनवर तिने आणखी एक विचारून घेतले. डॉक्टर ‘पंधरा दिवसांनी रक्त तपासा’ म्हणाले होते. आपल्या बोलण्यात आठ दिवस म्हणजे आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. पण मोजायचे भेटीपासून की पहिल्या गोळीपासून? उत्तर तारखेत मिळाले: १९ मार्च. सारांशात ‘पंधरा दिवसांनी’ न लिहिता तारीखच लिहावी.

शेवटी घरच्यांना गेलेला मजकूर असा:

भेट गुरुवार, ५ मार्च. पुढची भेट गुरुवार, २ एप्रिल. हा कागद तोपर्यंतच.

मेथोट्रेक्सेट ७.५ (साडेसात) मिलिग्रॅम – आठवड्यातून एकदाच. फक्त रविवारी, रात्री जेवणानंतर, एक गोळी. तारखा: ८, १५, २२, २९ मार्च. इतर कोणत्याही दिवशी नाही. विसरल्यास मंगळवार रात्रीपर्यंत घेता येईल, त्यानंतर त्या आठवड्यात नाही. दोन गोळ्या एकदम कधीच नाही.

फॉलिक अ‍ॅसिड ५ (पाच) मिलिग्रॅम – सोमवारी एक, मंगळवारी एक. रविवारी नाही.

प्रेडनिसोलोन ५ (पाच) मिलिग्रॅम – रोज सकाळी नाश्त्यानंतर एक. आपल्या मनाने बंद करायची नाही.

रक्तदाबाची गोळी – पूर्वीसारखीच चालू.

बंद – डायक्लोफेनॅक. घरातले पाकीट काढून टाका.

रक्त तपासणी – १९ मार्च: सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन.

ताप, तोंड येणे, धाप, कोरडा खोकला, अंगावर काळेनिळे डाग – यांतले काहीही झाले तर मेथोट्रेक्सेट घ्यायची नाही आणि लगेच फोन करायचा. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास हे औषध चालू असल्याचे आधी सांगायचे.

शेवटची सूचना सुनेने लक्षात ठेवायला हवी. लघवीच्या जंतुसंसर्गासारख्या आजारांत वापरले जाणारे को-ट्रायमॉक्साझोल हे साधे प्रतिजैविक मेथोट्रेक्सेटबरोबर दिले तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. गल्लीतल्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ते कळणार कसे?

मजकूर पाठवला म्हणजे काम संपले असे नाही. पाकिटे घरी आल्यावर मुलीने काकांना व्हिडिओ कॉल करून एकेक पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला लावले. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अ‍ॅसिड या दोन्ही गोळ्या अनेकदा लहान आणि पिवळसर असतात. या दोघांची अदलाबदल म्हणजे सोमवारी आणि मंगळवारी मेथोट्रेक्सेट. मग तिने “समजलं ना?” असे न विचारता “बाबा, बुधवारी रात्री काय द्यायचं?” असे विचारले. काका म्हणाले, “संधिवाताची एक.” काकांच्या डोक्यात ती अजून रोजचीच गोळी होती. मेथोट्रेक्सेट रोजच्या डब्यातून काढून वेगळ्या डबीत ठेवली गेली आणि डबीवर मोठ्या अक्षरांत ‘रविवार’ लिहिले गेले. सारांश कितीही चांगला असला तरी हा प्रश्न विचारावाच लागतो.

मजकूर चौघांच्याच ग्रुपवर गेला, चाळीस नातेवाइकांच्या नाही. काकूंना विचारूनच तसे ठरले. पुढच्या भेटीनंतर मात्रा बदलली की जुना मजकूर पुसायचा आणि नवा पूर्ण लिहायचा. ‘बाकी पूर्वीप्रमाणे’ लिहिले की वाचणारा जुना कागद शोधू लागतो, आणि त्याच्या हाती भलताच लागतो. रेकॉर्डिंग मात्र पुढच्या भेटीपर्यंत जपून ठेवायचे.

तुमच्या घरात कुणी मेथोट्रेक्सेट घेत असेल तर आजच पाकिटावर वार लिहिलेला आहे का ते पाहा. आणि ती गोळी सलग काही दिवस घेतली गेली आहे असे आढळले, तर माणूस ठणठणीत दिसत असला तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या. त्यावर फोलिनिक अ‍ॅसिड हा उतारा आहे, आणि तो जितका लवकर मिळेल तितका लागू पडतो. घरातले फॉलिक अ‍ॅसिड त्याची जागा घेऊ शकत नाही.