‘जरा तुमच्याविषयी सांगा!’

मैत्रिणींनो, नोकरीसाठी अर्ज पाठवला की चार-आठ दिवसांनी, नेमका दुपारची झाकपाक चालू असताना, अनोळखी नंबरवरून फोन येतो. पलीकडून एखादी तरुण मुलगी नाव विचारून खात्री करून घेते आणि म्हणते, “हं, जरा तुमच्याविषयी सांगा.” इथंच पुष्कळजणी अडखळतात.

याचं कारण आहे. असला प्रश्न आपण पूर्वी ऐकलेला असतो तो कांदेपोह्यांच्या वेळी. बायोडेटा हा शब्दसुद्धा दोन्हीकडे तोच! मग जीभ सवयीनं त्याच वळणानं जाते. माहेर अमुक गावचं, यजमान शिक्षक, घरी सासू-सासरे, दोन मुलं, वाचनाची आवड... पलीकडून नुसतं “ओके, ओके” ऐकू येतं. ते ऐकलंत की समजा, तिला लिहून घेण्याजोगं अजून काही मिळालेलं नाही.

ही मुलगी नोकरी देणारी नव्हे, बरं का! ती कंपनीच्या भरती विभागातली किंवा एखाद्या एजन्सीतली असते. तिच्यापुढे अर्जांची यादी असते आणि ठरलेले रकाने असतात : काम कोणतं येतं, किती वर्षं केलं, सध्या काय करता, जागेवर रोज पोचाल का, कधीपासून याल. तिनं लिहिलेल्या चार ओळी पुढे साहेबांकडे जातात. तेव्हा तिला जशीच्या तशी उतरवून घेता येतील अशी वाक्यं द्यावीत, आणि सुरुवात आजच्या कामापासून करावी.

समजा, तुम्ही मुरुडच्या. लातूर एमआयडीसीतल्या कारखान्यात हिशेबनिसाची जागा आहे आणि फोन पुण्याहून आलाय. “सध्या काय करता?” म्हटल्यावर तुमच्या तोंडून पटकन काय निघेल? “काही नाही, घरीच असते.” आणि प्रत्यक्षात घरच्या खत-बियाण्यांच्या दुकानाचे सगळे हिशेब तुम्हीच सांभाळता! मग असं सांगा :

“मी बी.कॉम. आहे आणि हिशेबाचं काम करते. सध्या मुरुडला आमच्या घरच्या कृषी सेवा केंद्राचे हिशेब टॅलीवर ठेवते. खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँकेचा ताळमेळ आणि जीएसटीसाठी दरमहा लागणारी माहिती तयार करणं माझ्याकडे आहे. लग्नाआधी लातूरला एका डाळमिलच्या ऑफिसात ३ वर्षं नोकरी केली. मुलं लहान होती म्हणून मधली ५ वर्षं काम थांबवलं होतं. आता दोघंही शाळेत जातात. तुमच्या जाहिरातीत बिलांचं आणि जीएसटीचं काम आहे, तेच मी करते, म्हणून अर्ज केला. लातूरला मी बसनं रोज येऊ शकते.”

सावकाश बोललात तरी हे मिनिटभरात होतं. दीड मिनिटाच्या पुढे जाऊ नये. दुकान घरचं आहे हे लपवू नका. पुढे पगाराची पावती मागितली की पंचाईत होते. मधल्या वर्षांना एकच वाक्य पुरे, पण त्याचे दोन्ही भाग हवेत : का थांबलात, आणि आता अडचण कशी सुटली. नुसता पहिला भाग सांगितला तर ऐकणारीला वाटतं, अडचण अजून तशीच आहे. आजारपणं, घरातली दुखणीखुपणी इथं काढायची नाहीत. पगाराचंही तिनं विचारल्याशिवाय नको.

गावाचं मात्र स्पष्ट सांगा. पुण्या-मुंबईकडे नुसतं ‘मुरुड’ म्हटलं की लोकांना रायगडातलं जंजिऱ्याचं मुरुड आठवतं, नाही तर दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. तिथून लातूरला रोज येणार कोण? म्हणून ‘लातूर जिल्ह्यातलं मुरुड, बार्शी रस्त्यावरचं’ असं म्हणावं.

उत्तर लिहून काढून वाचायचा मोह होतो. पण फोनवर चेहरा दिसत नाही, सगळं लक्ष आवाजावर असतं आणि वाचन लगेच ओळखू येतं. चिठ्ठीवर पाचच शब्द लिहा : टॅली, डाळमिल, पाच वर्षं, जाहिरात, बस. वाक्यं त्यावरून आपोआप सुचतील, आणि दर वेळी थोडी वेगळी सुचली तरी बिघडत नाही. प्रश्न इंग्रजीतून आला तर पहिली दोन वाक्यं साध्या इंग्रजीत सांगून “पुढचं मराठीत सांगितलं तर चालेल का?” असं विचारायला हरकत नाही, मात्र जाहिरातीत इंग्रजी बोलता येण्याची अट असेल तर सगळंच इंग्रजीत जमवावं लागेल.

आणि कुकरच्या शिट्ट्या चालू असतील तर तशीच घाई करू नका. कंपनीचं नाव विचारून घ्या, “अर्ध्या तासानं मीच फोन करू का?” म्हणा. यात त्यांना काही वावगं वाटत नाही. बोलून झाल्यावर मात्र एकदम थांबा. पलीकडे दोन क्षण शांतता पडली की आपल्याला वाटतं काहीतरी राहिलं, आणि मग सासूबाईंपासून सगळं सुरू होतं. ती शांतता म्हणजे ती लिहून घेत असते.