आधी नोंद, मग निकाल

औषधाच्या चाचणीत रक्तदाब, वजन, मृत्यू अशी अनेक मोजमापे घेतली जातात. वीस गोष्टी तपासल्या, तर औषध निरुपयोगी असूनही एखादीत केवळ योगायोगाने गुण दिसू शकतो. तेवढेच छापले की निष्कर्ष पक्का वाटतो. इतरांनी तोच प्रयोग केला की तो टिकत नाही. पूर्वनोंदणी हा त्यावरचा उपाय: मुख्य मोजमाप कोणते, हे चाचणीआधीच सार्वजनिक नोंदवहीत लिहायचे.

रॉबर्ट कॅप्लन आणि व्हेरोनिका अर्विन यांनी अमेरिकेतल्या हृदयविकारासंबंधीच्या मोठ्या सरकारी चाचण्या तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा लाभ दिसला होता. नोंदणी रूढ झाल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ चाचण्यांत. हा फरक एकट्या नोंदणीमुळे पडला असे म्हणता येत नाही, पण तो डोळे उघडणारा आहे.

नोंदणीतही पळवाट आहे. मुख्य मोजमाप मागाहून गुपचूप बदलले जाते. नोंद आणि छापील लेख शेजारी ठेवले की ते उघड होते. मूळ आकडे खुले असतील, तर गणितही पुन्हा करून पाहता येते. तरीही योगायोगाची शंका उरतेच, आणि ती नव्या रुग्णांवर चाचणी पुन्हा करूनच फिटते. भारतात औषधचाचण्यांची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. ती नोंदवही कोणालाही पाहता येते.