सरळ वाहणाऱ्या पाण्यातला कर्ल

व्हेक्टर कॅल्क्युलसच्या वर्गात पडद्यावर बाणांच्या स्लाइड्स सुरू झाल्या की डोळा फसतो. बाण पसरताना दिसले की डायव्हर्जन्स आणि गोल फिरताना दिसले की कर्ल, असं वाटू लागतं. खरं तर ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल एकूण चित्राबद्दल काहीच सांगत नाहीत. एका बिंदूच्या अगदी लगत काय बदलतंय, तेवढंच ते मोजतात.

ग्रेडियंट त्यातल्या त्यात सोपा. डोंगरउतारावर एका जागी पूर्वेकडे शंभर मीटरला 30 मीटर चढ आहे आणि उत्तरेकडे 40 मीटर, असं धरू. तिथला सर्वांत उभा चढ या दोन दिशांच्या मधे, उत्तरेकडे जरा झुकलेला असतो आणि पायथागोरसच्या हिशेबाने तो शंभराला 50 भरतो. चढाची ही दिशा आणि हे माप मिळून ग्रेडियंट होतो. त्याच्याशी काटकोनात पाऊल टाकलं तर उंची बदलत नाही. नकाशातली समोच्च रेषा तिकडेच जाते. उतारावर ओतलेलं पाणी मात्र बरोबर उलट दिशेला धावतं.

आता प्रत्येक बाण म्हणजे पाण्याचा वेग. नदीत एक लहानशी चौकट कल्पा. तिच्यात शिरणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणारं पाणी जास्त असेल, तर डायव्हर्जन्स धन. पात्र अरुंद होतं तिथे धार वेग घेते, त्यामुळे चौकटीच्या पुढच्या बाजूने जास्त पाणी जातं. पण दोन्ही कडांनी तेवढंच आत येतं. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून बाण लांबत गेले तरी डायव्हर्जन्स शून्यच राहतो.

खरी गंमत कर्लची. 10 मीटर रुंद, सरळ वाहणारी नदी घ्या. काठाशी पाणी स्थिर, मध्यावर वेग सेकंदाला 1 मीटर आणि मधल्या 5 मीटरांत तो सारखा वाढत जातो. तिथे एक छोटी भिंगरी आडवी तरंगत सोडली, तर मध्याकडची पाती जास्त जोराने ढकलली जाते आणि भिंगरी वाहता वाहता फिरू लागते. इथला कर्ल 1 भागिले 5, म्हणजे 0.2. भिंगरी त्याच्या निम्म्या गतीने फिरते, म्हणजे साधारण 63 सेकंदांत एक फेरा. भोवरा कुठेच नाही, तरी कर्ल आहे.

उलट, ज्या भोवऱ्यात केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की वेग निम्मा होतो, त्यात भिंगरी केंद्राभोवती प्रदक्षिणा घालते, पण स्वतःभोवती फिरत नाही. वाटेचं वळण तिला एकीकडे फिरवतं, आतल्या बाजूचं वेगवान पाणी दुसरीकडे, आणि दोन्ही अगदी समसमान असतात. केंद्र सोडलं तर तिथे कर्ल शून्य.

डोंगरावर फिरून निघालेल्या जागी परत आलं की चढ-उतारांची बेरीज शून्य होते, म्हणून ग्रेडियंटला कर्ल कधीच नसतो. आपल्या सरळ नदीला तो आहे. त्यामुळे तिचे बाण कोणत्याही डोंगराचा ग्रेडियंट असू शकत नाहीत.