फिरत्या पाळ्यांची हजेरी (साखर कारखाना)

फिरत्या पाळ्यांची हजेरी म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगारांच्या कामाच्या तासांची नोंद. या नोंदीवरून पगार, जादा कामाचा मोबदला आणि साप्ताहिक सुट्टी ठरते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखान्यांत, उदाहरणार्थ रेठरे बुद्रुक येथील कृष्णा, कराडजवळील सह्याद्री, साखराळे येथील राजारामबापू पाटील किंवा सांगलीचा वसंतदादा पाटील कारखाना, गळीत हंगामात ही व्यवस्था अपरिहार्य असते. किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी १९१० पासून चालत आलेल्या यंत्रनिर्मितीत यंत्र थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करता येते. उसाच्या रसाचे तसे नाही. रस साठून राहिला की त्यातील साखरेचे विघटन होऊ लागते आणि पॅनमधील शिजता पाक थंड झाला की घट्ट बसतो. त्यामुळे पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत आधीच्या माणसाला जागा सोडता येत नाही. हजेरीतील बहुतेक गुंते या एका गोष्टीतून उद्भवतात.

## पाळीपत्रक

साखर उद्योगात प्रचलित असलेल्या एका विभागणीनुसार पहिली पाळी पहाटे ४ ते दुपारी १२, दुसरी दुपारी १२ ते रात्री ८ आणि तिसरी, म्हणजे रात्रपाळी, रात्री ८ ते पहाटे ४ अशी असते. पुढील विवेचन याच वेळा धरून केले आहे.

एका जागेवर दिवसाला तीन, म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या भरतात. एका कामगाराने आठवड्यात सहा पाळ्या केल्या की त्याचे ४८ तास पूर्ण होतात. तिघांच्या मिळून १८ पाळ्या होतात आणि तीन उरतात. त्या तीन पाळ्या सुट्टीवर गेलेल्यांच्या जागी येणारा रिलीव्हर करतो. त्यामुळे एका जागेला प्रत्यक्षात साडेतीन माणसे लागतात आणि दोन जागांमागे सात माणसांचा हिशेब बसतो. ज्या पत्रकात एका जागेसमोर तीनच नावे असतात, तेथे जादा काम हे अपवाद न राहता रोजचा परिपाठ बनते. असे पत्रक पाहूनच त्या विभागाच्या जादा कामाच्या खर्चाचा अंदाज बांधता येतो.

पाळी बदलण्याची दिशा वरवर क्षुल्लक वाटते, परंतु ती विश्रांतीचे तास ठरवते. पहिलीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असा पुढचा क्रम ठेवला आणि मध्ये एक दिवस सुट्टी दिली, तर पहिल्या दोन बदलांत ४८ तास मिळतात. रात्रपाळीवरून पहिल्या पाळीवर येताना मात्र नेमके २४ तासच उरतात. उलट क्रमात सर्वांत कमी विश्रांती ३२ तासांची होते. बदलाच्या वेळी सुट्टीच नसेल, तर पुढच्या क्रमात रात्रपाळी पहाटे ४ वाजता संपते आणि पहिली पाळी त्याच क्षणी सुरू होते, म्हणजे बदल अशक्यच होतो. उलट क्रमात अशा वेळी मध्ये केवळ आठ तास राहतात. यास्तव अनुभवी टाइमकीपर पाळीबदल सुट्टीला जोडूनच करतो.

## मध्यरात्रीनंतरचे तास

दिनदर्शिकेचा दिवस मध्यरात्री बदलतो, पण रात्रपाळीच्या कामगाराचा बदलत नाही. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ५७ मध्ये हे स्पष्ट केलेले होते. पाळी मध्यरात्रीच्या पलीकडे जात असेल, तर मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसाचे धरावयाचे आणि साप्ताहिक सुट्टीचे सलग २४ तास पाळी संपल्या क्षणापासून मोजावयाचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही हा नियम त्याच अर्थाने आहे.

जादा कामाचा मूळ नियम कलम ५९ मध्ये होता. दिवसाला ९ तासांहून अथवा आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम झाल्यास त्या अधिक तासांचा मोबदला सर्वसाधारण दराच्या दुप्पट द्यावयाचा असे. या दरात मूळ वेतन आणि भत्ते येत, बोनस येत नसे. नव्या संहितेने दिवसाची मर्यादा ८ तासांवर आणली, दुप्पट दर कायम ठेवला.

## एक उदाहरण

सेंट्रिफ्युगल विभागातील एक काल्पनिक कामगार घेऊ. त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना २०,८०० रुपये आहे. प्रचलित रीतीने २६ ने भागल्यास रोज ८०० रुपये आणि तासाला १०० रुपये पडतात. सोमवार २५ नोव्हेंबर २०२४ पासून तो रात्रपाळीवर आहे. शनिवार ३० नोव्हेंबरला तो ७ वाजून ५१ मिनिटांनी फाटकातून आत आला. पहाटे ४ वाजता त्याची जागा घेणारा आला नाही. पाळीप्रमुखाने त्याला थांबवून घेतले आणि तो रविवार १ डिसेंबरला सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी बाहेर पडला.

योग्य हिशेब असा. शनिवारचे काम १२ तास झाले. पहिल्या पाच रात्रींचे ४० आणि हे १२ मिळून आठवड्याचे ५२ तास भरतात. दिवसाच्या मापाने जादा काम ३ तास, तर आठवड्याच्या मापाने ४ तास दिसते. या दोहोंची बेरीज करावयाची नसते, कारण ते तीन तास त्या चारांतच आलेले आहेत. मोठा आकडा घ्यावयाचा. चार तासांचे दुप्पट दराने ८०० रुपये होतात आणि ते नोव्हेंबरच्या पगारात जमा व्हावयास हवेत, जरी हे चारही तास डिसेंबरमध्ये भरले असले तरी.

आता हेच तास तारखेप्रमाणे मोजून पाहावेत. शनिवारी मध्यरात्री ते पहाटे ४ आणि रात्री ८ ते मध्यरात्र असे ८ तास होतात. रविवारी मध्यरात्री ते सकाळी ८ असे आणखी ८. एकाही दिवशी नऊ तास ओलांडले जात नाहीत. आठवड्याचा हिशेबही बुडतो. सोमवारचे ४ आणि पुढील पाच दिवसांचे ४० मिळून ४४ होतात, आणि रविवारचे आठ तास पुढच्या आठवड्यात जातात. माणूस बारा तास उभा राहिला, पण कागदावर जादा काम शून्य. यात कोणी लबाडी केलेली नसते, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे टिकून राहते.

हजेरीयंत्राची आज्ञावली रात्रपाळी ओळखणारी असली तरी आणखी एक अडचण येते. बहुधा तिला पाळी संपल्यानंतर ठराविक काळापर्यंतच, समजा दोन तास, जाण्याची नोंद शोधावयास सांगितलेले असते. कामगार पहाटे ४ वाजून ५ मिनिटांनी गेला तर नोंद जुळते, ८ वाजून ७ मिनिटांनी गेला तर जुळत नाही. मग शनिवारी केवळ येण्याची नोंद राहते आणि त्या दिवशी खाडा पडतो. रविवारी एक सुटी, जाण्याचीच नोंद दिसते. वेळेवर घरी गेलेल्यांची हजेरी लागते आणि जो चार तास अधिक थांबला त्याची मात्र बुडते. रोजचे ८०० आणि जादा कामाचे ८०० असे १,६०० रुपये त्याच्या हातून जातात.

या घटनेचा परिणाम सुट्टीवरही होतो. त्याची सुट्टी आता रविवारी सकाळी ८ वाजता सुरू होते व सोमवारी सकाळी ८ वाजता संपते. पत्रकानुसार तो सोमवारी पहाटे ४ वाजता पहिल्या पाळीला हवा असेल, तर त्या सोमवारी तेथे दुसऱ्याची नेमणूक करणे आवश्यक ठरते. पैशाचा हिशेब पुढे कोणीतरी करतो, सुट्टीचा हा हिशेब मात्र क्वचितच कोणी करतो.

## हजेरीचे नियमितीकरण

चुकलेली किंवा अपुरी नोंद पुराव्यानिशी दुरुस्त करण्यास नियमितीकरण म्हणतात. कामगार दुरुस्तीचा अर्ज भरतो, पाळीप्रमुख सही करतो आणि टाइम ऑफिस पडताळणी करते. वरील उदाहरणात पडताळणीसाठी तीन गोष्टी उपलब्ध असतात. पहिली म्हणजे विभागाच्या लॉगबुकातील त्या पहाटेच्या नोंदी व सह्या, दुसरी न आलेल्या कामगाराची त्याच दिवशीची गैरहजेरी आणि तिसरी जागा अखेर कोणी व केव्हा ताब्यात घेतली याची नोंद. तिन्ही जुळल्यास केवळ पाळीप्रमुखाच्या सहीवर विसंबून राहावे लागत नाही.

दुरुस्ती करताना यंत्रातील मूळ नोंद खोडू नये. ती तशीच ठेवून शेजारी सुधारित वेळ, कारण आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव लिहावे. मूळ वेळच पुसली, तर पुढे वाद झाल्यास खरी दुरुस्ती आणि बनावट हजेरी यांतील फरक दाखवता येत नाही. खाड्याऐवजी रजा टाकून विषय मिटवण्याची पद्धत सोयीची असली तरी चुकीची आहे. त्यात कामगार स्वतःच्या शिल्लक रजेतून स्वतःच्याच कामाची भरपाई करतो. दोघांनी आपापसांत पाळी बदलून घेतल्यासही असाच गोंधळ होतो. कायद्यानुसार काम हे लावलेल्या पत्रकाशी जुळलेच पाहिजे, म्हणून अशी अदलाबदल पाळी सुरू होण्यापूर्वी नोंदवून घ्यावी लागते.

महिनाअखेरच्या दुरुस्तीला वेळ फार थोडा असतो. वेतन प्रदान अधिनियम १९३६ प्रमाणे हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात ७ तारखेच्या आत आणि इतरत्र १० तारखेच्या आत पगार द्यावयाचा असे. नव्या वेतन संहितेत मासिक पगारासाठी सातच दिवस आहेत. ३० नोव्हेंबरच्या रात्रीची दुरुस्ती या मुदतीत झाली नाही, तर ती रक्कम पुढील पगारपत्रकात मागील महिन्याचा फरक म्हणून स्वतंत्र ओळीत दाखवावी. ती चालू महिन्याच्या जादा कामात मिसळली, तर दोन्ही महिन्यांचे तास चुकीचे दिसतात.

## चुका ओळखण्याच्या खुणा

रात्रपाळीच्या कामगारासमोर वारंवार सुमारे १६ तास दिसत असतील, तर यंत्र त्या तारखेची पहिली आणि शेवटची नोंद जोडत आहे असे समजावे. पहाटे ४ ला बाहेर जाणे आणि रात्री ८ ला आत येणे यांतील ते अंतर असते, म्हणजे तो घरी होता नेमका तोच काळ. दुसरी खूण जागेच्या बाजूने मिळते. हंगामात अखंड चालणाऱ्या प्रत्येक जागेवर दिवसाला एकूण २४ तासांची हजेरी असावयास हवी. ती २० भरली तर कोणाचे तरी चार तास हरवले आहेत, आणि ३२ भरली तर कोणाची तरी हजेरी दोनदा लागली आहे. ही बेरीज माणसांच्या नावाने न करता जागेच्या नावाने केली की चूक लवकर सापडते.

हंगामी कामगारांच्या बाबतीत एका खाड्याची किंमत त्या दिवसाच्या रोजापुरती राहत नाही. हंगामी आस्थापना जितके दिवस चालली, त्यांपैकी किमान ७५ टक्के दिवस काम केले तरच तो हंगाम अखंड सेवेत धरला जातो आणि त्यापोटी सात दिवसांचे वेतन ग्रॅच्युइटीत मिळते. कारखाना १४० दिवस चालला तर १०५ दिवस भरावे लागतात. आजारपणामुळे काठावर आलेल्या कामगाराचे मस्टरवर १०४ दिवस भरत असतील, तर त्याच्या रात्रपाळीच्या नोंदी पुन्हा एकदा तपासून पाहाव्यात, विशेषतः ज्या रात्री पाळी संपूनही तो जागेवर थांबला होता त्या.